धागा : अंगावर फोड आलेत, कांजण्या की गोवर की ते हँड फूट माउथ? (नागपूर, मुलगा ३ वर्षं)

चिंगूची_आई | सोमवार, रात्री १०.१२

आज थोडी घाबरूनच लिहून राहिली आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मुलगा ३ वर्षं २ महिने, वजन १३ किलो. शनिवारी संध्याकाळी अंग गरम लागलं, मोजलं तर १०१.४. रविवारी दिवसभर १०१ च्या आसपास, खेळणं कमी, लाळ गळून राहिली होती, शर्टाची गळपट्टी ओली. आज सोमवारी सकाळी ताप ९९, म्हटलं चला सुटलो, आणि आंघोळीला कपडे काढले तर ढुंगणावर आणि कोपरांवर लाल पुरळ, ओठांभोवती पण पाच-सहा. दुपारपर्यंत त्यातल्या काहींत पाणी भरलेलं दिसलं. जेवून नाही राहिला, दूधही दोन घोट घेऊन ढकलतो.

सासूबाई म्हणतात माता आल्या, कडुनिंब बांधा दाराला. शेजारच्या काकू म्हणतात गोवर. प्लेस्कूलच्या ग्रुपवर मॅडमनी टाकलंय "काही मुलांना कांजण्या, कृपया दक्षता घ्यावी". कांजण्यांची लस १५व्या महिन्यात एकदा दिली होती, दुसरा डोस राहिला तो राहिलाच. एमआरचे दोन्ही झालेत.

खरी भीती वेगळी आहे. आमचं घर एकत्र, मनीषनगरला, आणि माझी जाऊ सहाव्या महिन्यात आहे. तिला माहेरी पाठवायचं का आजच? डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी ११ ची मिळाली.

त्रिमूर्तीनगरकर | सोमवार, रात्री १०.३१

ताई टेन्शन घेऊ नका, सोपं आहे. तळहात तळपाय बघा. तिथे असेल तर हँड फूट माउथ, नसेल तर कांजण्या. नावातच आहे सगळं. आमच्या दोघांना होऊन गेलं, मी यातला एक्स्पर्ट झालोय आता.

चिंगूची_आई | सोमवार, रात्री १०.३८

तळहातावर काही नाही दादा. तळपायावर पण नाही. म्हणजे कांजण्याच ना? 😟

गोठेवाले_हिंगणा | सोमवार, रात्री १०.५०

पोळा झाला नं आता. पोट्टं बैलाजवळ गेलं होतं का? आमच्याकडे दोन बैलांना लाळ्या खुरकूत झाली, तोंडातून लाळ, खुरात फोड, सेम टु सेम. लस टोचून घ्या म्हणावं जनावराले.

झणझणीत_तर्री | सोमवार, रात्री १०.५३

काका तान्हा पोळा होता तो, लाकडी बैल होता 😄

रिटायर्ड_सिस्टर | सोमवार, रात्री ११.२०

ताई, मी इथल्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात २६ वर्षं काढली, त्या अनुभवावर बोलते, पण मी पोराला बघितलेलं नाही हे आधी लक्षात ठेवा. उद्याची अपॉइंटमेंट सोडू नका.

काकांचं पहिलं मिटवते. जनावरांची लाळ्या खुरकूत आणि मुलांचं हँड फूट माउथ, दोन्हीचे विषाणू वेगळे. बैलापासून मुलाला होत नाही, लाकडी बैलापासून तर नाहीच.

आता त्रिमूर्तीनगरवाले दादा. अर्धं बरोबर आहे तुमचं. तळहात-तळपायावर राखाडी, लांबट, भाताच्या दाण्यासारखे फोड दिसले तर हँड फूट माउथकडे बोट जातं हे खरं. पण नाहीत म्हणून कांजण्या, असं उलटं चालत नाही. पहिल्या दिवशी ते नसतातच पुष्कळदा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॉक्सॅकी ए सिक्स नावाच्या विषाणूने जे हँड फूट माउथ होतं ते नाव पाळतच नाही. ओठांभोवती, ढुंगणावर, मांड्यांवर, कोपरांवर भरभरून येतं, फोडही मोठे, आणि जो बघेल तो कांजण्या म्हणतो. प्लेस्कूलच्या ग्रुपवर कांजण्या लिहिलं ते कोणी ठरवलं तेही विचारा, कारण पुष्कळदा पहिल्या मुलाच्या आईने जे म्हटलं तेच फिरत राहतं.

एकेका फोडाकडे बघून काही कळत नाही ताई, मीही फोटोवरून सांगणार नाही. तीन गोष्टी सांगा. एक, डोक्यात केसांत आहेत का? कंगव्याने भांग पाडून, टॉर्च लावून बघा. दोन, पोटाच्या किंवा पाठीच्या हातभर जागेत लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं तिन्ही एकाच वेळी दिसतं का, की सगळे एकाच वयाचे? तीन, तोंडात आत काय आहे? चमच्याची मागची बाजू वापरा, जबरदस्ती नको.

चिंगूची_आई | सोमवार, रात्री ११.४४

झोपेतच बघितलं. डोक्यात काही नाही, दोन वेळा भांग पाडला. पाठ कोरी आहे, पोटावर दोन. बाकी सगळे कोपर, ढुंगण, मांडीच्या मागे, ओठांभोवती. खपली एकही नाही, सगळे सारखेच दिसतात. तोंड उघडायला नकार, रडला म्हणून तेव्हा जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा दिसला, भोवती लाल.

रिटायर्ड_सिस्टर | मंगळवार, रात्री १२.०५

बरं. तापाचं तुम्ही आधीच नीट लिहिलं आहे, त्याचंच सांगते, कारण सगळे पुरळ बघत बसतात आणि तापाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

लहान मुलाच्या कांजण्यांत ताप आणि पहिला दाणा साधारण एकाच दिवशी येतात, फार तर एक दिवस मागेपुढे. मग तीन-चार दिवस नव्या नव्या खेपा निघत राहतात आणि तोवर ताप थोडा थोडा येतच राहतो. म्हणून एकाच जागी ठिपका, फोड, खपली सगळं शेजारी शेजारी सापडतं, आणि सुरुवात छाती, पाठ, चेहरा, डोक्यापासून. खाजही फार.

तुमच्याकडे ताप आधी, दीड दिवस, आणि पुरळ आलं तेव्हा ताप उतरत आलेला. सोबत लाळ आणि जेवण बंद. हा हिशेब हँड फूट माउथचा आहे. गोवर तर यात बसतच नाही, त्याचा ताप पुरळ आल्यावर उतरत नाही, चढतो. आणि गोवरात पाण्याचे फोड नसतात. एमआरचे दोन्ही डोस झालेत तुमचे, तो विचार आज बाजूला ठेवा.

पण एक मेख आहे, ती लपवत नाही. कांजण्यांचा एकच डोस झालेल्या मुलाला कांजण्या झाल्या तर त्या पुस्तकातल्यासारख्या दिसत नाहीत. पन्नासपेक्षा कमी दाणे, बरेचसे नुसते लाल, पाणी थोड्यांतच, ताप नावाला. म्हणजे तुमच्या पोरासारखंच काहीतरी. म्हणून मी ठाम बोलत नाही, वजन एका बाजूला जास्त आहे एवढंच.

जाऊबाईंना रात्री हलवू नका. त्यांना लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, त्यांच्या आईला फोन करून विचारा. झाल्या असतील तर प्रश्न मिटला. नसतील किंवा आठवत नसेल तर उद्याच त्यांच्या डॉक्टरांना कळवा, रक्तात कांजण्यांच्या अँटिबॉडी बघता येतात, आणि नसतील तर इंजेक्शन असतं ते संपर्क झाल्यापासून दहा दिवसांत द्यायचं असतं. तोवर वेगळी खोली, पोराला कडेवर घेऊ नका म्हणावं.

त्रिमूर्तीनगरकर | मंगळवार, सकाळी ८.०२

सिस्टर मान्य, पण आमच्या डॉक्टरने तळहात बघूनच सांगितलं होतं दोन मिनिटांत. उगाच एवढं अवघड करायची गरज नाही.

रिटायर्ड_सिस्टर | मंगळवार, सकाळी ८.३०

तुमच्या पोरांना तळहातावर होतं म्हणून दोन मिनिटांत झालं दादा. ताईंच्या पोराला नाही, म्हणूनच त्या इथे आल्यात.

अनघा_पूर्वी_पुणे | मंगळवार, सकाळी ९.१५

माझ्या मुलीला गेल्या वर्षी अगदी असंच झालं होतं, ओठांभोवती आणि ढुंगणावर, आणि तिला आधीपासून एक्झिमा आहे तर नेमकं जिथे एक्झिमा त्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीतच गच्च भरलं, आम्हाला वाटलं एक्झिमा चिघळला, स्टेरॉइडचं मलम लावत बसलो दोन दिवस, मग कळलं. तुमच्याकडे एक्झिमा आहे का? आणि हो, पुढे महिन्याभराने नखांकडे लक्ष ठेवा, आमच्याकडे पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून सुटलं होतं, मी तर कॅल्शियम कमी म्हणून धावले.

चिंगूची_आई | मंगळवार, दुपारी १.४०

दवाखान्यातून आलो. एक्झिमा नाही ताई.

डॉक्टरांनी आधी तोंड बघितलं. टाळूवर मागच्या बाजूला चार-पाच छोटे अल्सर, जिभेवर दोन. मग डोकं बघितलं, मग पायातले मोजे काढायला लावले आणि गंमत म्हणजे तळपायावर आज तीन होते! काल रात्री नव्हते हो, शपथ. राखाडी, लांबट, दाबलं तरी फुटत नाहीत, सिस्टर म्हणाल्या तसा भाताचा दाणा. हातावर अजूनही नाही.

डॉक्टर म्हणाले हँड फूट माउथच वाटतं. मी जावेचं सांगितल्यावर म्हणाले की पक्कं करायचं असेल तर फोडातलं पाणी घेऊन पीसीआर करता येतं, पण इथून नमुना बाहेर पाठवायला लागतो, दोन-तीन दिवस जातात, त्यापेक्षा जावेच्या अँटिबॉडी बघा, तो प्रश्न लवकर सुटेल. तिच्या आईला आठवत नाहीये झाल्या होत्या की नाही, "तुझ्या भावाला झाल्या होत्या, तुला झाल्या की काय माहीत" असं चाललंय. रक्त देऊन आली ती.

एक विचारायचं राहिलं. ताप आला की मी सिरप ५ मिली देत होते तरी उतरत नव्हता. आज डॉक्टरांनी ४ मिली लिहिलं. कमी केलं?

रिटायर्ड_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३.१०

बाटलीवरचा आकडा बघा. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदीत मिळतं, ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि ५ मिलीत २५०. मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १३ किलोला १९५. २५० वाल्या बाटलीतून ते जवळपास ४ मिली होतं. तुम्ही बहुतेक १२५ वाल्यातून ५ मिली देत होता, म्हणजे पोराला जेमतेम १२५ मिळत होतं. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. आणि दोन्ही बाटल्या एकत्र फ्रीजवर ठेवू नका, नवरा रात्री झोपेत दुसरीच उचलतो.

कांजण्यांची थोडी जरी शंका असेपर्यंत ॲस्पिरिन तर नाहीच, आयब्युप्रोफेनही देऊ नका.

खायला थंड ताक, दही-भात पातळ, बर्फाचा तुकडा चोखायला. संत्र्याचा रस नको, आपल्या नागपुरात प्रत्येक आजी आजाऱ्याला तोच देते आणि तोंडात चट्टे असताना पोरगं किंचाळतं. तिखट-खारट पण नको. भुकेची काळजी करू नका, लघवी मोजा. सहा-आठ तास डायपर कोरडा राहिला तर फोन न करता सरळ घेऊन जा.

आणि एक ऐका, बॉलपेनने मांडीवर एक गोल काढा, आत चार-पाच फोड येतील असा, आणि उद्या त्याच वेळी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. गोलात नवे दाणे जुन्यांच्या मधोमध उगवले आणि जुन्यांवर खपली धरली, तर कांजण्यांचा विचार परत करायचा. सगळे एकत्रच सुकत गेले, तर वेगळं.

वाडीचा_मामा | मंगळवार, संध्याकाळी ६.२५

धागा हायजॅक करतो त्याबद्दल सॉरी. माझी भाची दीड वर्षाची. चार दिवसांपासून ताप, १०२, १०३, रोज थोडा वाढतोय. खोकला, नाक गळतंय, डोळे लाल आणि चिकट, उजेडात डोळे उघडत नाही. आज सकाळी कानाच्या मागे आणि केसांच्या कडेला पुरळ, आता संध्याकाळी तोंडभर झालंय. पाणी नाही त्यात. आमची आई म्हणते गोवर बाहेर पडला आता ताप उतरेल, गोड खाऊ घाला. पण आत्ता मोजला तर १०४ आहे. गोरी नाही ती, सावळी आहे, त्यामुळे लाल असं दिसत नाही, काळपट खरखरीत लागतं हाताला. एमआरचा ९ महिन्यांचा डोस झालाय, दुसरा व्हायचा आहे.

त्रिमूर्तीनगरकर | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

आई बरोबर सांगतात, गोवर पूर्ण बाहेर आला की ताप उतरतो. एक लस झालीय म्हणजे सौम्यच असणार. दोन दिवस थांबा.

रिटायर्ड_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ६.४८

दोन दिवस थांबू नका. आत्ता निघा.

दादा, "गोवर बाहेर पडला की ताप उतरतो" यातलं खरं एवढंच की पुरळ पायापर्यंत पोचलं की मग, म्हणजे दोन-तीन दिवसांनी ताप उतरू लागतो. पुरळ निघतं त्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो. आणि पुरळ निघून तीन-चार दिवस झाले तरी ताप उभाच असेल किंवा उतरून परत चढला, तर न्यूमोनिया किंवा कानातला संसर्ग शोधायचा. पोरं गोवराने नाही, त्या न्यूमोनियाने जातात, वॉर्डात डोळ्यांनी बघितलंय. ज्यात ताप खाडकन उतरतो आणि मग अंगावर बारीक पुरळ येतं तो रोझिओला, वेगळाच आजार, बहुतेकदा बिनधोक असतो, आणि घरोघरी त्यालाच गोवर म्हणतात. आजीबाईंच्या बोलण्यात ते दोन्ही मिसळलंय.

मामा, तुमचा चार दिवसांचा हिशेब, खोकला-नाक-डोळे, आणि कानामागून सुरू झालेलं पुरळ, हे मला गोवरच वाटतं. नऊ महिन्यांच्या डोसाने शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं, बाकीची कोरी राहतात, म्हणून तर १६ ते २४ महिन्यांत दुसरा असतो. गालाच्या आत दाढेसमोर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर पक्कंच, पण पुरळ निघाल्यावर ते लवकर जातात, नाही दिसले म्हणून गोवर नाही असं धरू नका.

सावळ्या अंगावर लाली शोधू नका, बरोबर केलंत, हाताने चाचपा. पुढे तेच पुरळ तपकिरी होऊन कोंडा सुटतो.

जाताना मास्क लावा आणि वेटिंगमध्ये बसू नका, आधी सांगा गोवरची शंका आहे. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागण होते आणि खोकल्यातून हवेत राहते. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यायला लावा, दोन दिवस लागोपाठ, एक वर्षाच्या वरच्या मुलाला दोन लाख युनिटचा एक. ते त्यांच्याकडूनच घ्या, दुकानातून घेऊन स्वतः पाजू नका.

वाडीचा_मामा | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

मेडिकलला नेतो आत्ताच.

अनघा_पूर्वी_पुणे | मंगळवार, संध्याकाळी ७.०९

अहो मेडिकलवाल्याकडून औषध नका घेऊ!! डॉक्टरला दाखवा!!

झणझणीत_तर्री | मंगळवार, संध्याकाळी ७.१२

ताई नागपुरात मेडिकल म्हणजे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज. औषधाचं दुकान नाही 😂

अनघा_पूर्वी_पुणे | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

पाच वर्षं झाली इथे येऊन तरी फसते मी 🙈

चिंगूची_आई | बुधवार, दुपारी ४.३०

गोलाचा फोटो काढला. कालचे पाच आणि आजचे पाचच, मध्ये नवीन एक नाही. दोन बसकट झालेत, बाकीचे मळकट, पण खपली म्हणावी अशी नाही. पोटावर मात्र एक नवीन आलाय. तळपायावर तीनाचे सात झाले आणि आता एक उजव्या तळहातावर, अंगठ्याखाली! ताप शून्य. खाजवत नाही, चालताना कुरकुरतो.

प्लेस्कूलच्या मॅडमना फोन केला. त्यांना कोणी डॉक्टरांनी कांजण्या सांगितलंच नव्हतं, तान्हा पोळ्याच्या कार्यक्रमात एका मुलाच्या तोंडाभोवती फोड होते, त्याच्या आईने म्हटलं कांजण्या असतील, तेच ग्रुपवर गेलं. चिंगू त्या मुलाच्या शेजारी बैल घेऊन बसला होता, फोटो आहे माझ्याकडे. मंगळवारी कार्यक्रम, शनिवारी ताप.

रिटायर्ड_सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ५.१५

म्हणजे चार दिवस. कांजण्यांना संपर्कापासून किमान दहा दिवस लागतात, साधारण दोन आठवडे. हँड फूट माउथ तीन ते सहा दिवसांत उठतं. त्या मुलापासूनच लागलं असेल तर कांजण्या असूच शकत नाहीत. "असेल तर" म्हणते, कारण दोन आठवड्यांपूर्वी आणखी कुठे काय झालं ते आपल्याला माहीत नाही.

त्रिमूर्तीनगरकर | बुधवार, संध्याकाळी ५.४०

बघा, शेवटी तळहातावर आलंच ना 😎

रिटायर्ड_सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ५.४४

आलं दादा. पाचव्या दिवशी.

चिंगूची_आई | शुक्रवार, सकाळी १०.२०

जावेचा रिपोर्ट आला, अँटिबॉडी पॉझिटिव्ह, डॉक्टर म्हणाले आधी होऊन गेल्यात, काळजी नाही. घरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हँड फूट माउथचं तिच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले शक्यतो त्रास होत नाही, पण हात साबणाने धुवा, डायपर तिने बदलू नये.

मग प्लेस्कूलला कधी पाठवू? मॅडम म्हणतात सगळे डाग गेल्यावर.

अनघा_पूर्वी_पुणे | शुक्रवार, सकाळी १०.४५

आमच्या शाळेने सर्टिफिकेट मागितलं होतं, दहा दिवस घरी बसवली.

रिटायर्ड_सिस्टर | शुक्रवार, दुपारी १२.३०

यावर एकमत नाही. ताप नाही, लाळ थांबली, फोड सुकले, की पाठवायला हरकत नसते असं बहुतेक डॉक्टर म्हणतात. डाग जायला वेळ लागतो आणि शौचातून विषाणू पुढे कितीतरी आठवडे जात असतो, तोवर कोणी घरी ठेवत नाही. कांजण्यांत मात्र शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरीच. आणि सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, या विषाणूवर अल्कोहोल फारसं चालत नाही, साबण-पाणीच. शाळेच्या खेळण्यांचंही मॅडमना सांगा.

झोप लागता लागता पोरगं दचकून दचकून उठतंय, चालताना झोकांड्या, सारखी उलटी, किंवा ताप परत चढून तीन दिवस राहिला, तर मात्र रात्र असली तरी दवाखाना. आमच्या पूर्ण नोकरीत असे थोडेच बघितले, पण बघितले.

गोठेवाले_हिंगणा | शुक्रवार, दुपारी १.१०

मग बैलाचं दूध पोट्ट्याले चालते का

झणझणीत_तर्री | शुक्रवार, दुपारी १.१२

बैलाचं? 🤔

गोठेवाले_हिंगणा | शुक्रवार, दुपारी १.२०

गाईचं. टायपिंग मिस्टेक. आमच्या गाईले पण झालं आहे म्हणून विचारलं.

रिटायर्ड_सिस्टर | शुक्रवार, दुपारी १.३५

आजारी गाईचं दूध काका कोणालाच नको, पशुवैद्यकाला विचारा. बाकीच्यांचं उकळून.

वाडीचा_मामा | रविवार, रात्री ९.००

अपडेट द्यायला उशीर झाला. मेडिकलला मंगळवारीच भरती केलं. छातीत घरघर होती, एक्स-रे काढला, थोडा न्यूमोनिया निघाला, अँटिबायोटिक सुरू आहे. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस झाले. पुरळ गुरुवारी पायावर उतरलं आणि शुक्रवारपासून ताप उतरला, आज ९९. चेहऱ्यावरचं तपकिरी पडलंय.

पण रक्तातला गोवरचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय! रक्त मंगळवारी रात्रीच घेतलं होतं. ताई (बहीण) आता म्हणते गोवर नव्हताच, उगाच भरती केलं. वॉर्डातल्या डॉक्टर म्हणतात परत नमुना देऊ. बहीण तयार नाही, पोरीला परत टोचायचं म्हणून.

त्रिमूर्तीनगरकर | रविवार, रात्री ९.२०

रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. विषय संपला.

रिटायर्ड_सिस्टर | रविवार, रात्री ९.४१

पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेलं रक्त गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. तुमचं तर पहिल्याच दिवशीचं आहे. बहिणीला सांगा की दुसरा नमुना पोरीच्या औषधासाठी नाही, औषध तेच राहणार. गोवर निघाला तर वस्तीतली बाकीची लहान मुलं तपासतात, राहिलेले डोस देतात. २०२२ ला मुंबईत गोवंडीकडे जे झालं त्यात लस राहिलेली मुलंच जास्त होती. शेजारी नऊ महिन्यांच्या आतलं बाळ आहे का कोणाचं?

वाडीचा_मामा | रविवार, रात्री ९.५०

वरच्या मजल्यावर सात महिन्यांचं आहे. भाची मागच्या रविवारी तिथेच खेळत होती, खोकत होती तेव्हा.

रिटायर्ड_सिस्टर | रविवार, रात्री ९.५३

त्यांना आत्ताच सांगा मामा. रिपोर्टची वाट बघू नका. संपर्कानंतर ७२ तासांत लस देता येते सहा महिन्यांवरच्या बाळाला, ती वेळ गेली. सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देतात पण आज सातवा दिवस आहे. उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवून काय ते ठरवू दे, आणि ताप-खोकला आला की पुरळाची वाट न बघता न्यायचं, हे त्यांच्या आईला नीट समजावून या.

वाडीचा_मामा | रविवार, रात्री १०.३५

जाऊन आलो. त्यांचे सासरे म्हणाले रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मग? बाईंनी मात्र माझा नंबर घेतला.

चिंगूची_आई | पाच आठवड्यांनंतर, बुधवार, सकाळी ११.०५

धागा वर काढते. काल नखं कापताना चिंगूच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळाशी आडवं चिरलेलं दिसलं, कापणीने थोडं उचललं तर अर्धं हातात आलं. दुखत नाही त्याला, उलट सगळ्यांना दाखवत फिरतोय. खाली गुलाबी मऊ नवीन नख आहे. उजव्या अंगठ्यावर पण तशीच आडवी रेघ. अनघाताई, तुमची आठवण आली.

अनघा_पूर्वी_पुणे | बुधवार, सकाळी ११.३०

बघा! कॅल्शियम आणू नका 😄

रिटायर्ड_सिस्टर | बुधवार, दुपारी १२.१५

ओढू नका, बोटावर पातळ पट्टी लावून ठेवा म्हणजे अडकणार नाही, दोन-तीन महिन्यांत नीट येतं. कांजण्यांनंतर नखं सहसा अशी सुटत नाहीत, हँड फूट माउथनंतर सुटतात, तो ए सिक्सवाला असला की जास्त. पीसीआर केला नव्हता त्यामुळे कागदावर काही नाही, पण माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

आणि त्याचा कांजण्यांचा दुसरा डोस अजून बाकीच आहे ताई. हे झालं म्हणून ते झालं असं नाही.

त्रिमूर्तीनगरकर | बुधवार, दुपारी १२.४०

एकदा हँड फूट माउथ झालं की परत होत नाही ना पण? आमच्या धाकट्याच्या हातावर कालपासून परत काहीतरी आहे. तळहातावर नाही, कोपरावर.